डब्याचा फोटो काढा, पण बुडाचाही काढा!

तालुक्याच्या गावाहून पुण्याला गेलेला माणूस सहसा मोकळ्या हाताने परतत नाही. दगडूशेठच्या गणपतीचे दर्शन झाले, अप्पा बळवंत चौकात पोरांची पुस्तके घेतली, की पावले आपसूक तुळशीबागेकडे वळतात. घरात तान्हे लेकरू असेल, तर बुधवार पेठेतल्या त्याच गर्दीतून पावडरचा डबा आणि दूध पाजायची बाटलीही पिशवीत पडते. गावी बायको फोनवर म्हणते, "घेण्याआधी फोटो पाठवा." नवरा डब्याच्या तोंडाचा एक झकास फोटो पाठवतो. त्यात नाव दिसते, रंग दिसतो आणि कामाचे काहीच दिसत नाही.

पहिली गोष्ट अशी, की आईला दूध येत असेल तर ही खरेदी करायचीच नाही. डॉक्टरांनी बाळ तपासून सांगितले असेल तरच पावडर आणायची. ती आणायची ठरली, की मग फोटो नीट काढायचे. चार फोटो पुरतात : झाकणाचा, बुडाचा, लेबलावरच्या बारीक अक्षरांचा आणि बिलाचा. बुडाचा फोटो काढताना फ्लॅश मारू नका, पत्रा चमकतो आणि आकडे पुसट होतात. डबा उजेडाकडे थोडा तिरका धरा. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून लहान होतो, म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता झाकण. प्लॅस्टिकचे झाकण म्हणजे सील नव्हे. खरे सील त्याच्या खाली असते, म्हणजे डब्याच्या तोंडावर घट्ट बसलेला पातळ पत्र्याचा किंवा चकचकीत कागदाचा पडदा. तो दुकानात दिसत नाही, घरी झाकण काढल्यावरच दिसतो. म्हणून पडदा फोडण्याआधी आणखी एक फोटो काढून ठेवावा. पडद्याला टाचणीएवढे जरी भोक असेल, कड सुटलेली असेल, गोंदाचा ओघळ किंवा दुसऱ्यांदा चिकटवल्याची खूण असेल, तर डबा उघडू नका, तसाच परत न्या. बाहेरच्या बाजूने डब्याची शिवण पाहावी. शिवणीवरच पोचा आलेला असेल किंवा गंज चढला असेल, तर आत हवा गेली असण्याचा धोका धरावा.

आपल्याकडे पुष्कळ पावडर डब्यात नव्हे, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि आतल्या पिशवीत येते. अशा वेळी खोक्यावरचा बॅच नंबर आणि पिशवीवरचा बॅच नंबर जुळतो का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. एक उदाहरण घेऊ. समजा, भोर तालुक्यातल्या एका मामाने भाच्यासाठी खोके आणले. लेकरू तीन महिन्यांचे. आशाताईंनी खोके व पिशवी दोन्हींचे फोटो मागितले. खोक्यावर टप्पा १, म्हणजे जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतची पावडर. पिशवीवर मात्र टप्पा २, म्हणजे सहा महिन्यांनंतरची! बॅच नंबरही वेगळा आणि पिशवीची मुदत खोक्यापेक्षा आधी संपणारी. "मामा, बिल आहे का?" आशाताईंनी विचारले. बिल होते आणि त्यावर मेडिकलवाल्याने बॅच नंबर घातलेला होता. तो खोक्याशी जुळला, पिशवीशी नाही. म्हणजे खोक्यात कुणीतरी दुसरी पिशवी घातली होती. ती कारखान्यात चुकून गेली की वाटेत कुणी मुद्दाम घातली, हे फोटो सांगू शकत नाही. ते सरकारी तपासाचे काम. पण न फोडता परत करायला एवढा पुरावा पुरे. मामाने पदपथावरून बिनबिलाचे घेतले असते, तर हातात काहीच उरले नसते.

तारखेचा ठसा बारकाईने पाहावा. यंत्राने मारलेले आकडे बारीक ठिपक्यांचे असतात. त्यांच्या खाली जुन्या आकड्यांची सावली दिसली, पुसल्याची चकाकी दिसली, किंवा एका चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी असली, तर मुदत बदलल्याचा संशय घ्यावा. नुसता पुसट ठसा मात्र गुन्ह्याची खूण नव्हे, खरा ठसाही हाताळून पुसला जातो.

लेबलही बोलते. १९९२ च्या कायद्यानुसार बाळाच्या पावडरीवर आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना हवी, आणि बाळाचे वा बाईचे चित्र नको. गुटगुटीत बाळाचा फोटो असलेला डबा दिसला, की समजावे, हा एकतर कायदा मोडून विकलेला आहे किंवा बाहेरदेशातून असाच आलेला. परदेशी डब्यावर इथल्या आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर नसेल, तर तो घेऊ नये. डब्यावर बाटली फुकट मिळत असेल, तर तेही याच कायद्यात बसत नाही.

बाटलीचे तसेच. प्लॅस्टिकच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर IS 14625 आणि खाली CM/L पासून सुरू होणारा परवाना नंबर हवा. काचेच्या बाटलीला IS 5168. हा नंबर मोबाइलमधल्या BIS Care या ॲपवर घातला, की कारखान्याचे नाव येते. ते वेष्टनावरच्या नावाशी जुळले पाहिजे. मात्र खरा नंबर नकली मालावर छापता येतो, हे ध्यानात ठेवा. नंबर न जुळणे ही पक्की खूण, जुळणे ही अर्धी.

आणि बॅच नंबर जपायचा कशासाठी? फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीने जंतूंच्या भीतीने पावडर परत मागवली. कोणता डबा धोक्याचा, हे नावावरून कळत नव्हते, बुडाच्या आकड्यांवरून कळत होते. पहिले दोन आकडे २२ ते ३७ मधले, सोबत ठरावीक अक्षरे आणि मुदत १ एप्रिल २०२२ किंवा त्यानंतरची, एवढे जुळले तर डबा परत. आपल्याकडे बायाबापड्या पावडर स्टीलच्या डब्यात ओतून मूळ डबा भंगारात देतात. उद्या अशी सूचना निघाली, तर काय पाहणार? म्हणून पावडर मूळ डब्यातच ठेवावी, आणि बुडाचा फोटो डबा संपल्यानंतरही मोबाइलमध्ये असू द्यावा.

शेवटी, फोटोची मर्यादा. सील शाबूत, नंबर बरोबर, तरी पावडर निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी, त्यात पावडर कालवावी, मग दूध कोमट करून पाजावे आणि दोन तासांनंतर उरलेले फेकावे. दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला याची गरज अधिक.

संशयी माल सापडला, तर तो फेकू नका. न फोडलेला डबा, बिल आणि चारही फोटो घेऊन पावडरीची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी, बाटलीची BIS Care वरून. ग्रामसेवकांनी अर्ज लिहून देताना दुकानाच्या नावाआधी बॅच नंबर लिहावा. तपासणाऱ्याला माल शोधायचा असतो तो त्याच नंबरावरून.