मोजून बघू या – लेखांक 6 : कार्ड दाखवता का जरा?

गेल्या आठवड्यात ठरलं होतं की सदाशिव पेठेतल्या दोन-तीन गल्ल्या घ्यायच्या आणि तिथल्या पाळीव कुत्र्यांपैकी किती जणांना रेबीजची लस वेळेवर मिळाली आहे ते बघायचं. काम सोपं वाटतं. दारं वाजवायची, विचारायचं, हो-नाही लिहायचं. पण ‘तुमच्या कुत्र्याला लस दिली आहे का?’ या प्रश्नाला पेठेत ‘नाही’ असं उत्तर देणारा माणूस मिळणं कठीण. ‘सगळी इंजेक्शनं झालीत हो त्याची’ हे वाक्य तुम्हाला जवळजवळ प्रत्येक दारात ऐकू येईल आणि म्हणणारा बहुतेक वेळा खोटंही बोलत नसेल.

अडचण ‘सगळी इंजेक्शनं’ या शब्दांत आहे. पिल्लू दोन महिन्यांच्या आसपास झालं की डॉक्टर डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस देतात. तिला लोक ‘सेव्हन-इन-वन’ किंवा ‘नाइन-इन-वन’ म्हणतात. रेबीजची लस वेगळी असते. ती साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात, मग महिन्याभराच्या आत बहुधा एक बूस्टर आणि पुढे आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे दर वर्षी एक. पहिल्या वर्षी मालक उत्साहाने सगळं करतो. तिसऱ्या वर्षी कुत्रं दांडगं झालेलं असतं, रिक्षावाले त्याला घेत नाहीत, आणि मालकाच्या डोक्यात मात्र ‘सगळं झालंय’ हे पहिल्या वर्षीचंच पक्कं बसलेलं असतं.

म्हणून विचारायचं ते एवढंच : कार्ड दाखवता का जरा?

कार्डावर डॉक्टर कुपीवरचं लेबल काढून चिकटवतात आणि शेजारी तारीख, सही, शिक्का असतो. इथे एक फसगत हमखास होते. लेबलावर एक्स्पायरीची तारीख छापलेली असते, दोन-अडीच वर्षं पुढची. ती कुपीची असते. कुत्र्याला मिळालेल्या संरक्षणाची मुदत तिच्यावरून कळत नाही. मालक ती वाचून निश्चिंत असतो आणि नवखा स्वयंसेवकही तीच उतरवून घेतो. आपल्याला हवी आहे ती हाताने लिहिलेली, लस दिल्याची तारीख. तक्त्यात ‘लस आहे / नाही’ असा रकानाच ठेवू नका, ‘रेबीजची शेवटची तारीख’ असा ठेवा. तारखेवरून हो-नाही कधीही काढता येतं, हो-नाहीवरून तारीख काढता येत नाही. एखाद्याची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली असेल आणि दुसऱ्याची चार वर्षांपूर्वी, तर दोघांना एकाच ‘नाही’त कोंबणं मला तरी पटत नाही.

कार्डं रोज मुदतीबाहेर जात असतात, म्हणून पाहणीचा एक दिवस पक्का करावा लागतो. उदाहरणार्थ, 1 ऑगस्ट. घरी तुम्ही 9 तारखेला गेलात तरी हिशोब 1 तारखेचाच. महिना निवडतानाही जरा विचार करा. लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, 28 सप्टेंबर, जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे लसीकरणाची शिबिरं होतात. शिबिरात लस घेणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांचं वर्ष मग सप्टेंबरच्या अखेरीलाच संपतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाहणी केलीत तर चित्र नेहमीपेक्षा गोंडस दिसेल. त्याच गल्लीत ऑगस्टमध्ये गेलात तर वेगळं दिसेल. दोन्ही खरीच, पण एकमेकांशी ताडून बघायची नाहीत.

आता कुत्री शोधायची कशी? सगळ्यात सोपा वाटणारा रस्ता महापालिकेच्या परवान्यांच्या यादीचा. तो घेऊ नका. पुण्यात कुत्रं पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि परवान्याला रेबीजच्या लसीचा दाखला. म्हणजे यादीत मुळात लस घेतलेलेच आलेले. त्यांच्यावरून टक्केवारी काढली तर ती शंभराच्या घरात जाणारच. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या रजिस्टरचंही तेच : जो कधी दवाखान्यात गेलाच नाही, तो तिथे सापडणार कसा? सकाळी एस. पी. कॉलेजच्या बाजूला फिरायला येणारी कुत्री मोजणंही तितकंसं बरं नाही, कारण रोज फिरवणारा मालक बहुधा लसही वेळेवर देणारा असतो.

तेव्हा दारोदार जाण्याला पर्याय नाही. नागनाथ पाराच्या आसपासच्या गल्ल्या घ्या किंवा पेरूगेटाजवळच्या, पण हद्द कागदावर आखा आणि रस्त्याची दोन्ही अंगं घ्यायची की एक तेही आधीच ठरवा. जुन्या वाड्यात एका दिंडी दरवाज्यामागे सात बिऱ्हाडं असतात, शेजारच्या नव्या इमारतीत चौदा फ्लॅट. प्रत्येक दाराला आपला क्रमांक द्या. कुत्रं कुठे आहे हे कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना आणि वॉचमनला पक्कं ठाऊक असतं. त्यांना तेवढंच विचारा, लसीबद्दल नको. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे कुत्रं जातं आणि पाटी राहते.

वेळेबद्दल पुणेकराला मी काय सांगणार! दुपारी एक ते चार कोणाची बेल वाजवू नये, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. पण संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरंच आहे. कामाच्या दिवशी दुपारी घरात सापडतात ती निवृत्त मंडळी, आणि कार्ड कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे ते ऑफिसला गेलेल्या सुनेलाच माहीत असतं. एक फेरी संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी सकाळी, आणि उरलेल्यांसाठी तिसरी. जोडीने जा, उंबऱ्याबाहेर थांबा, कुत्र्याला हात लावू नका.

‘पाळीव’ म्हणजे कोणतं, हेही निघण्याआधी ठरवा. वाड्याच्या चौकात झोपणारा मोत्या, ज्याला सगळी बिऱ्हाडं पोळी घालतात पण जो कोणाचाच नाही, त्याचं काय करणार? माझा नियम असा : जे कुत्रं रात्री घराच्या दाराआड झोपतं ते पाळीव. मोत्याची नोंद वेगळ्या कागदावर. नियम दुसरा चालेल, फक्त प्रत्येक स्वयंसेवकाचा तोच हवा.

आता एक हिशोब मांडून बघू. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष गल्लीचे नाहीत. समजा हद्दीत 420 दारं निघाली. कुत्रं असलेल्या 38 घरांनी उत्तरं दिली आणि त्यांत 44 कुत्री सापडली. तीन पिल्लं तीन महिन्यांच्या आतली, म्हणजे त्यांची रेबीजची वेळच आलेली नाही. ती बाजूला काढली. उरली 41. त्यांतल्या 23 जणांचं कार्ड बघितलं आणि तारीख वर्षाच्या आतली आहे. सात जणांचं कार्ड आहे पण मुदत उलटलेली. आठ मालक म्हणाले, ‘दिलीय, पण कार्ड सापडत नाही.’ तिघांनी सरळ सांगितलं, दिलेली नाही. शिवाय पाच घरं अशी की कुत्रं नक्की आहे, पण तिघांनी नकार दिला आणि दोन दारं तिन्ही फेऱ्यांत बंद होती.

किती टक्के? फक्त कार्ड बघितलेले धरले तर 41 पैकी 23, म्हणजे 56 टक्के. तोंडी सांगणारे आठही खरे मानले तर 31, म्हणजे 76 टक्के. नकाराची आणि बंद घरं सोडून द्यायचा मोह होतो, पण नकार देणाऱ्याच्या कार्डात बहुधा काहीतरी उणं असतं. त्या पाच घरांत एकेक कुत्रं धरलं तर एकूण 46. पाचही बिनलसीची आणि तोंडी उत्तरं सगळी फोल, असं धरलं तर 50 टक्के. सगळं उलट धरलं तर 46 पैकी 36, म्हणजे 78. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. ही फट केवढी मोठी आहे बघा. ती मिटवायला नव्या दारांची गरज नाही. त्या आठ जणांना ‘कार्ड सापडलं का?’ असा एक फोन केला तर ती बरीच मिटेल. आणखी शंभर दारं वाजवण्यापेक्षा माझ्या मते हा अर्धा तास जास्त मोलाचा.

41 मध्ये एक कुत्रं म्हणजे जवळजवळ अडीच टक्के. त्यामुळे ‘56.1 टक्के’ असं लिहिणं म्हणजे नुसता आव आणणं. आणि हे आकडे त्या गल्ल्यांचे आहेत, सदाशिव पेठेचे नव्हेत. तुम्ही ओळखीच्या म्हणून निवडलेल्या गल्ल्यांवरून सबंध पेठेबद्दल बोलायचा अधिकार मिळत नाही. पेठभर चिठ्ठ्या टाकून 41 कुत्री निवडली असती, तरी 56 च्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा टक्क्यांचा हेलकावा धरावा लागला असता.

मग कोणीतरी 70 टक्क्यांची गोष्ट काढणारच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. पण ते 70 टक्के सगळ्या कुत्र्यांचे, रस्त्यावरची धरून. घरातल्या कुत्र्यांचा आकडा 76 आला म्हणून गल्ली सुरक्षित झाली, असं म्हणता येत नाही. मोत्या तुमच्या हिशोबात नाहीच. रस्त्यावरच्यांची मोजणी निराळी. गोव्यात ‘मिशन रेबीज’ने लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा पट्टा ओढला आणि मागाहून दुसऱ्या चमूने गल्लोगल्ली फिरून रंगवलेली किती, बिनरंगाची किती ते मोजलं. तिथे कार्ड नसतं, म्हणून कुत्र्याचं अंगच कार्ड. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यामागे अशा मोजणीचाही हात होता.

राहिलं मांडणीचं. सोसायटीच्या फळ्यावर लावायला ए-फोर आकाराचा एक कागद पुरे. त्यावर 46 चौकोन काढा, एक कुत्रं एक चौकोन. कार्ड बघितलेले 23 गडद, मुदत संपलेले सात आडव्या रेघांचे, तोंडी सांगितलेले आठ तिरक्या रेघांचे, लस नसलेले तीन कोरे, उत्तर न मिळालेले पाच प्रश्नचिन्हाचे. रंग वापरू नका. कोणीतरी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढणार आणि लाल-हिरवं एकच दिसणार. वर मथळा थेट लिहा : ‘1 ऑगस्टला 46 पैकी 23 कुत्र्यांचं रेबीजचं कार्ड मुदतीत असल्याचं आम्ही पाहिलं.’ खाली हद्द, फेऱ्यांच्या तारखा आणि ‘पाळीव’ची तुमची व्याख्या दोन ओळींत.

इमारतवार आकडे मात्र लावू नका. ज्या इमारतीत दोनच कुत्री आहेत, तिथे ‘एकाची मुदत संपलेली’ असं लिहिलं की जिन्यात कोणाकडे बघायचं ते सगळ्यांना कळतं, आणि पुढच्या वर्षी ते दार उघडत नाही. मुदत संपलेल्या सात जणांना स्वतंत्र चिठ्ठी द्या, त्यांच्याच कार्डावरची तारीख लिहून. दारांचे क्रमांक असलेला मूळ तक्ता एकाच माणसाकडे राहू दे आणि आठ जणांचे फोन आटोपले की तो फाडून टाका.

(पुढच्या आठवड्यात : तीच पाहणी वर्षाने पुन्हा केली आणि आकडा वाढला, तर तो खरंच वाढला का?)