टॅरो कार्डवरून लॉटरीचा नंबर किंवा शेअरची टिप मिळते का?

‘हा शेअर घेऊ का?’ असं विचारलं आणि ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ हे कार्ड निघालं, असं समजा. या कार्डावर फिरणारं चाक असतं. भाव वाढला तर ‘नशीब फिरलं’, पडला तर ‘चाक उलटं फिरलं’. म्हणजे कार्ड कधीच चुकत नाही, पण किंमत, तारीख किंवा किती शेअर घ्यायचे हेही सांगत नाही.

लॉटरीचंही तेच. पाच अंकी नंबर असेल तर 00000 ते 99999 अशा एक लाख शक्यता असतात. टॅरोची कार्डं फक्त 78. त्यातून नंबर जुळवला, तरी तो लागण्याची शक्यता एक लाखात एकच राहते.

मग कार्ड वाचणाऱ्याने काय उत्तर द्यावं? टिप द्यायला सरळ नकार. पैसे घेऊन शेअर खरेदी-विक्रीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. त्याऐवजी प्रश्न बदलता येतो: ‘हे पैसे बुडाले तर घरखर्च चालेल का? की मी उधारी फेडायच्या घाईत आहे?’ यावर कार्ड समोर ठेवून बोलता येतं. उत्तर मात्र तुमच्या बँक पासबुकातच असतं.