अरबी रंगांचा साचा

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या व्हाइट हाउसला अरबी वर्तमानपत्रं ‘अल-बैत अल-अब्यद’ म्हणतात. मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहराचं अरबी नाव आहे ‘अद-दार अल-बैदा’. दोन्हींचा अर्थ एकच, पांढरं घर. घरासाठी ‘बैत’ आणि ‘दार’ असे दोन शब्द आहेत, हे समजू शकतं; पण ‘पांढरं’ एकदा अब्यद आणि एकदा बैदा कसं? कारण बैत पुल्लिंगी आहे आणि दार स्त्रीलिंगी. नाम बदललं की विशेषणही बदललं.

यात मराठी माणसाला नवल वाटायला नको. आपणही पांढरा, पांढरी, पांढरं म्हणतोच. पण आपण फक्त शब्दाचं शेपूट बदलतो, ‘पांढर’ जागच्या जागी राहतं. अरबी रंगांच्या बाबतीत मात्र शब्द आतूनच नव्याने रचला जातो. अरबी शब्दाच्या मुळाशी बहुधा तीन व्यंजनं असतात आणि त्यांच्या आजूबाजूला ठरावीक स्वर बसवून शब्द घडतो. व्याकरणकार असे साचे दाखवताना ‘फ-अ-ल’ ही नमुन्याची अक्षरं वापरतात. म्हणून रंगांच्या या साच्याचं नाव ‘अफ्अल’. त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘फअला’ आणि अनेकवचन ‘फुअल’.

लाल रंग घेऊन पाहू. मुळाक्षरं ह-म-र. पुल्लिंगी एकवचनात पुढे ‘अ’ लागतो आणि पहिली दोन व्यंजनं जोडली जातात : अह्मर. स्त्रीलिंगात तो पुढचा ‘अ’ गळतो आणि शेवटी दीर्घ ‘आ’ येतो : हम्रा. मूळ उच्चारात या ‘आ’नंतर घशात हलका अटकाव असतो, तो आपल्याकडे ऐकू येत नाही. ग्रॅनाडाचा प्रसिद्ध अल-हम्रा राजवाडा तो हाच, ‘लाल’. किल्ल्यासाठीचा अरबी शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे हम्रा. अनेकवचनात दोन्ही टोकं जातात आणि एक ‘उ’ उरतो : हुम्र. पुरुषांसाठीही तोच आणि स्त्रियांसाठीही तोच.

नवशिका विद्यार्थी नेमका इथे अडखळतो. अरबीत इतर बहुतेक विशेषणांना स्त्रीलिंगासाठी शेवटी आखूड ‘अ’ जोडला की भागतं. ‘कबीर’ म्हणजे मोठा आणि ‘कबीरा’ म्हणजे मोठी. त्याच सवयीने तो ‘अह्मर’ला तसाच प्रत्यय लावतो. असा शब्द अरबीत नाही. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कान खटकतो.

साचा तोच असला तरी मुळाक्षरांत ‘य’ किंवा ‘व’ आला की रूप थोडं वाकतं. काळ्याची मुळाक्षरं स-व-द. अस्वद, सौदा इथपर्यंत ठीक. अनेकवचनात ‘उ’ आणि ‘व’ एकत्र आले की ‘ऊ’ होतो : सूद. पांढऱ्याची मुळाक्षरं ब-य-द. तिथे ‘य’ जिंकतो आणि अनेकवचन ‘बूद’ न होता ‘बीद’ होतं. हिरवा (अख्दर, खद्रा, खुद्र), निळा (अज्रक, जर्का, जुर्क) आणि पिवळा (अस्फर, सफ्रा, सुफ्र) मात्र सरळ मार्गाने जातात.

युनानी वैद्यकाची ओळख असलेल्यांना यातले दोन शब्द माहीत असतील. त्या शास्त्रात शरीरातले चार द्रव मानले आहेत. त्यांपैकी पिवळं पित्त म्हणजे सफ्रा आणि काळं पित्त म्हणजे सौदा. ही त्याच विशेषणांची स्त्रीलिंगी रूपं, नाव म्हणून रुळलेली.

अनेकवचनाची आणखी एक गंमत आहे. ‘हुम्र’ प्रामुख्याने माणसांसाठी वापरतात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीचा जुना अरबी शब्द आहे ‘अल-हुनूद अल-हुम्र’, म्हणजे शब्दशः ‘लाल भारतीय’. कोलंबसची चूक अरबीतही पोचली. पण वस्तूंच्या अनेकवचनाला आधुनिक अरबी स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लावते. म्हणून अनेक लाल गाड्या असल्या तरी त्या ‘हम्रा’च. वस्तूंना ‘हुम्र’ लावणं चूक नाही, जुन्या भाषेत ते भरपूर आढळतं. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणांच्या सैनिकांबद्दल लिहिताना ‘जुर्क’ आणि ‘जर्का’ अशी दोन्ही रूपं बातम्यांत दिसतात.

हाच साचा शरीराच्या वैशिष्ट्यांसाठीही आहे. लंगडा म्हणजे अअरज, लंगडी अर्जा, लंगडे उर्ज. आंधळा, मुका, बहिरा, काणा, टकला, कुबडा हे सगळे याच रांगेतले. सौंदर्याच्या खुणाही इथेच बसतात. पांढऱ्या-काळ्याचा ठसठशीत विरोध असलेल्या डोळ्यांचा पुरुष ‘अह्वर’, तशी स्त्री ‘हौरा’ आणि अनेकवचन ‘हूर’. उर्दूत आपण एका सुंदरीला ‘हूर’ म्हणतो, पण अरबीत ते अनेकवचन आहे. उंच, मोठा, आजारी असे शब्द मात्र या साच्यात येत नाहीत. अंगाला चिकटलेला आणि पाहताच ओळखू येणारा गुण असेल तर बहुतेक वेळा अफ्अल.

अशी वैशिष्ट्यं लोकांची नावंच होऊन बसत. सातव्या शतकातल्या, भावांच्या विलापगीतांसाठी प्रसिद्ध असलेल्या कवयित्रीला ‘अल-खन्सा’ म्हणतात, म्हणजे बसक्या नाकाची. सीबवैह या थोर व्याकरणकाराच्या शिष्याला सगळे ‘अल-अख्फश’ म्हणत, म्हणजे अधू दृष्टीचा.

आता खरी अडचण. अरबीत ‘अधिक’ किंवा ‘सर्वांत’ सांगणारं विशेषणही हुबेहूब असंच दिसतं. ‘कबीर’वरून ‘अकबर’, म्हणजे अधिक मोठा. मग ‘अह्मर’ म्हणजे लाल की अधिक लाल? घोटाळा टाळण्यासाठी पारंपरिक व्याकरणाने रंगांना आणि शारीरिक वैशिष्ट्यांना तुलनेचं रूपच नाकारलं. ‘हे त्याहून लाल’ म्हणायचं तर ‘अशद्द हुम्रतन्’, म्हणजे ‘लालपणात अधिक तीव्र’ असा वळसा घ्यावा लागतो. दहाव्या शतकातल्या अल-मुतनब्बी या कवीने पांढऱ्या केसांवरच्या एका ओळीत ‘अस्वद’ सरळ ‘अधिक काळा’ या अर्थाने वापरला आणि व्याकरणकारांत वाद झाला. बसरा परंपरेचे पंडित याला चूक मानत. कूफा परंपरेत निदान काळ्या-पांढऱ्याला ही मुभा होती.

शब्द कोणत्या जातीचा हे ओळखायचं तर त्याचं स्त्रीलिंग पाहावं. ‘अकबर’चं स्त्रीलिंग ‘कुबरा’, सुरुवातीला ‘उ’. रंगाचं स्त्रीलिंग ‘हम्रा’, सुरुवातीला ‘अ’ आणि शेवटी तो घशातला अटकाव. आपल्या ‘अबलख’ घोड्यावर हे करून पाहता येतं. पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या घोड्याला मराठी दप्तरांत हा शब्द आहे. तो अरबी ‘अब्लक’वरून फारसीमार्गे आला. अब्लकचं स्त्रीलिंग ‘बल्का’, अनेकवचन ‘बुल्क’. म्हणजे तो रंगाच्या जातीचा, अकबरच्या नव्हे. जुन्या नियमाने ‘त्याहून अबलख’ हा अर्थ एका शब्दात सांगता येणार नाही.

या साच्यालाही मर्यादा आहे. तपकिरीला अरबीत ‘बुन्नी’ म्हणतात, ‘बुन्न’ म्हणजे कॉफीच्या बियांवरून. नारिंगीला ‘बुर्तुकाली’, राखाडीला ‘रमादी’, गुलाबीला ‘वर्दी’. आपण राखेवरून ‘राखाडी’ केलं तसंच हे वस्तूच्या नावाला ‘ई’ लावून घडवलेले रंग आहेत. त्यांना अफ्अलचे नियम लागू होत नाहीत, स्त्रीलिंगात साधं ‘बुन्निया’ होतं. काळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, निळा हे प्रमुख रंग साच्यात आहेत; एखाद्या वस्तूवरून नाव घेतलेले रंग बाहेर राहिले.