सुरमईच्या तुकडीचा खरा भाव

एखाद्या पदार्थाच्या विक्रीच्या किमतीपैकी कच्च्या मालावर किती टक्के खर्च होतो, त्याला हॉटेलच्या धंद्यात फूड कॉस्ट म्हणतात. विक्रीची किंमत जीएसटी वगळून धरायची, कारण तो पैसा हॉटेलचा नसतो. हिशेब सोपा दिसतो, पण मासळीच्या पदार्थात तो हमखास फसतो.

समजा, मालवणी खानावळीत ‘सुरमई फ्राय’ 480 रुपयांना आहे. बाजारात अख्खी सुरमई 800 रुपये किलो आणि तुकडी 130 ग्रॅमची. मासळीचे 104 रुपये, मसाला, रवा, तेल आणि सोबतच्या सोलकढीचे 24, मिळून 128. म्हणजे फूड कॉस्ट जेमतेम 27 टक्के. हा आकडा खोटा आहे, कारण 800 रुपये डोके, शेपूट, पर आणि आतड्यांसकट मोजलेले असतात.

पाच किलोची सुरमई साफ करून सव्वातीन किलो तुकड्या निघाल्या, तर 4,000 रुपये त्या सव्वातीन किलोवरच चढतात. 25 तुकड्या पडतात, एकीचे 160 रुपये होतात आणि मसाल्यासह प्लेट 184 वर जाते. डोके कालवणात वापरले तर त्याची वाजवी किंमत इथून वजा करता येते, मात्र तेवढीच ती कालवणाच्या खर्चात धरावी लागते. बरेचजण पहिले करतात, दुसरे विसरतात.

पुढे नासाडी. तव्यावर मोडलेली, करपलेली किंवा गिऱ्हाइकाने परत पाठवलेली एक तुकडी धरली, तर 25 प्लेटांचा 4,600 रुपयांचा खर्च 24 प्लेटांतून वसूल करायचा असतो. प्लेटला सुमारे 192 रुपये, म्हणजे 40 टक्के.

सर्वांत घातक असतो सुरी धरणाऱ्याचा सैल हात. तुकडी 150 ग्रॅमची पडू लागली की त्याच माशाच्या 21 तुकड्या होतात. त्यातलीही एक वाया गेली, तर फूड कॉस्ट 47 टक्क्यांवर जाते. वीस ग्रॅम डोळ्यांना कळत नाहीत. म्हणून तुकड्या काट्यावर घालून पाहाव्या लागतात.

घट मात्र कायम सारखी नसते. लहान माशात, आणि कापणाऱ्याचा हात बदलला की, ती बदलते. म्हणून साफ केलेल्या मालाचे वजन अधूनमधून नव्याने घ्यावे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात भाव चढले, तर मेनूकार्डावरची जुनी किंमत पुन्हा तपासावी लागते. 192 रुपयांची प्लेट 35 टक्क्यांत बसवायची असेल, तर 192 ला 0.35 ने भागून किंमत 550 च्या आसपास येते.

महिनाअखेरीस सुरुवातीच्या साठ्यात खरेदी मिळवून उरलेला साठा वजा केला की प्रत्यक्ष खर्च कळतो. तो विकलेल्या प्लेटांच्या हिशेबापेक्षा बराच जास्त निघाला, तर आधी तुकडीचे वजन पाहावे, मग फ्रीजमधला खराब माल, आणि शेवटी बिलाशिवाय गेलेल्या प्लेटा.