आपला मारिओ इतका पळत नव्हता

फोनवर एम्युलेटर टाकून पंचवीस-तीस वर्षांनी मारिओ खेळायला बसलेला माणूस पहिल्या मिनिटातच म्हणतो, “अरे, हा फारच पळतोय!” वाकोल्यात, नेहरू रोडच्या आसपासच्या चाळींत वाढलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकलं आहे. वय झालं, हात मंदावले, अशी समजूत काढून ते पुढे खेळत राहतात. पण दोष हातांचा नाही. फोनवरचा खेळ खरोखरच जास्त वेगाने चालतो, आणि हा फरक घड्याळ लावून मोजता येतो.

नव्वदच्या दशकात आमच्या घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो निन्टेन्डोचा नव्हता. सांताक्रूझहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. खोक्यावर ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावं असत. मूळ फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात निघाला आणि तिथल्या टीव्हीप्रमाणे सेकंदाला ६० चित्रं काढायचा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचा. मारिओसारखे खेळ घड्याळ पाहत नाहीत, चित्रं मोजतात. एका चित्रामागे मारिओ किती सरकायचा हे ठरलेलं असतं. त्यामुळे ५० चित्रांच्या यंत्रावर उडी, कासवं, संगीत, सगळंच सहाव्या हिश्शाने संथ होतं.

हे स्वतः तपासता येतं. पहिल्या पातळीच्या सुरुवातीला मारिओला नुसतं उभं ठेवा आणि वर उजव्या कोपऱ्यातला वेळ ४०० वरून ३०० वर यायला किती सेकंद लागतात ते बघा. तो आकडा दर २४ चित्रांनी एकाने उतरतो. ६० च्या वेगाला १०० आकडे उतरायला ४० सेकंद लागतात, ५० च्या वेगाला ४८. आपण लहानपणी खेळलो तो ४८ सेकंदांचा मारिओ.

हा वेग फोनवर आणता येतो, पण चुकीचा पर्याय निवडणारे बरेच असतात. मी अँड्रॉइडवर रेट्रोआर्क वापरतो आणि त्यात FCEUmm हा कोअर. खेळ सुरू असताना Quick Menu मधून Core Options मध्ये गेलं की Region सापडतं. तिथे PAL दिसलं की आपण तेच निवडतो, कारण आपला टीव्ही पालच होता. मग वेग बरोबर येतो, पण संगीताचा सूर खाली उतरतो. निन्टेन्डोच्या युरोपातल्या यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि जपानी यंत्राचा १.७९ वर. आवाजाची पट्टी प्रोसेसरच्या गतीवर ठरत असल्याने सूर अर्ध्या स्वराहून थोडा जास्तच उतरतो. पाल देशांसाठी नक्कल करणाऱ्यांनी इथे हुशारी केली होती. त्यांनी चित्रं ५० ठेवली आणि प्रोसेसर १.७७ वर चालवला, जपानी यंत्राच्या अगदी जवळ. अशा यंत्रांपैकी रशियात १९९२ पासून विकलं गेलेलं डेंडी सर्वात गाजलं, म्हणून एम्युलेटरमध्ये या पद्धतीला Dendy म्हणतात. ते निवडा: लय संथ आणि सूर जवळजवळ जागेवर. एवढं करूनही आवाज ‘आपला’ वाटत नसेल तर त्याच यादीत Swap Audio Duty Cycles आहे. काही नक्कल-चिप्समध्ये ध्वनिलहरींचे दोन आकार एकमेकांच्या जागी गेले होते. ती चूक हा पर्याय मुद्दाम परत आणतो. माझ्या एका शेजाऱ्याने तो चालू करून कानाला फोन लावला आणि लगेच म्हणाला, “हां, आता आमच्या घरातला वाटतोय.”

याची किंमत पडद्यावर मोजावी लागते. फोनचा पडदा ६० वेळा ताजा होतो आणि खेळ ५० चित्रं देतो, म्हणून दर पाच चित्रांतलं एक दोनदा दिसतं आणि मागचं दृश्य सरकताना हलका झटका बसतो. हा फोन कमजोर असल्याचा पुरावा नव्हे. फॅमिकॉमचं काम आजच्या साध्या फोनलाही किरकोळ आहे. उलट ६० च्या वेगाने खेळणाऱ्यालाही ९० हर्ट्झच्या पडद्यावर झटके दिसतात, कारण एक चित्र एकदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं. तेव्हा फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन पडदा ६० किंवा १२० वर आणावा.

दुसरी तक्रार असते ती बटण दाबल्यावर उडी उशिरा येण्याची. सर्वात आधी ब्लूटूथ इअरफोन काढा, कारण त्यांच्यामुळे आवाज मागे पडतो आणि सगळाच खेळ सुस्त भासतो. मग Audio Latency थोडं थोडं कमी करत जा. आवाज फुटू लागला की एक पायरी मागे या. एवढ्याने भागलं नाही तर Run-Ahead आहे. त्यात फोन पुढचं चित्र आधीच काढून ठेवतो आणि खेळातला अंगभूत उशीर तेवढा कापतो. किती चित्रं कापायची हे अंदाजाने ठरवू नये. खेळ थांबवावा, उडीचं बटण दाबून धरावं आणि एकेक चित्र पुढे सरकवत मारिओ कितव्या चित्रात हलतो ते मोजावं. दुसऱ्यात हलला तर आकडा १. त्याहून मोठा आकडा ठेवला की उडीची पहिली चित्रं गायब होतात आणि मारिओ जमिनीवरून एकदम हवेत दिसतो.

आता खेळाच्या फाइलचा प्रश्न, आणि इथे आमच्या पिढीची मोठी अडचण आहे. एम्युलेटर हा स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्सविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने असा प्रोग्रॅम बनवण्याच्या बाजूने कौल दिला, आणि अ‍ॅपलनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या दुकानात जुन्या खेळांच्या एम्युलेटरना दार उघडलं. फाइलचं तसं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम ५२(१)(एए) कायदेशीर ताबा असलेल्याला बॅकअपची मुभा देतं. ५२(१)(एडी) तर स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी नक्कल करू देतं. म्हणजे कोणाकडे निन्टेन्डोची अस्सल कॅसेट असेल, त्याने ती रीडरला जोडून फाइल काढली, तर माझ्या मते त्याची बाजू भक्कम आहे. अशी फाइल दोनदा काढावी आणि दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत का ते बघावं. वेगळ्या निघाल्या तर कॅसेटच्या पिना मळलेल्या असतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा वाचाव्या.

पण माळ्यावरच्या डब्यात आपल्याकडे आहे काय? ‘९९९९ इन १’. ती कॅसेट पैसे मोजून घेतली होती हे खरं, पण तिच्यातले खेळ परवानगीशिवाय भरलेले होते. मूळ प्रतच उल्लंघनाची असेल तर तिच्यावरून काढलेल्या फाइलला ‘कायदेशीररीत्या मिळवलेली’ हा आधार मिळत नाही, असंच मी हे कलम वाचतो. ‘चोवीस तासांत डिलीट केलं तर चालतं’, ‘कंपनीने विकणं बंद केलं म्हणजे फुकट’ या ऐकीव सवलती कायद्यात कुठेच नाहीत. उल्लंघनाची प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यासाठी ६३बी कलम आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं.

तरीही फोनवर सचोटीने खेळण्यासारखं बरंच आहे, कारण या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. जर्मनीतल्या मॉर्फकॅट गेम्सचा ‘मायक्रो मेजेस’ २०१९ चा. तो मूळ सुपर मारिओइतक्याच, ४० किलोबाइटच्या जागेत बसवलेला आहे आणि विकत घेतला की खेळाची फाइलच हाती येते. ‘नोव्हा द स्क्विरल’ तर मुक्त परवान्यावर आहे. त्याची फाइल आणि सोर्स कोड दोन्ही उघडपणे मिळतात, तेव्हा वेगाचे आणि उशिराचे वरचे सगळे प्रयोग आधी त्याच्यावर करावेत.