एका स्लिपला बाराने गुणू नका

लग्नाच्या बोलणीत पगार विचारला की मुलगा पॅकेज सांगतो आणि घरभाड्याचा हिशेब करताना खात्यात जमा झालेली रक्कम मोजतो. या दोन आकड्यांत वर्षाला दोन-तीन लाखांचा फरक सहज निघतो. वर्षाकाठी प्रत्यक्षात हातात किती पडते, हे विचारले की बहुतेक जण मोबाईलमधला एखाद्या महिन्याच्या सॅलरी स्लिपचा स्क्रीनशॉट काढतात आणि खालच्या आकड्याला बाराने गुणतात. उत्तर बहुधा चुकते. ते का चुकते आणि त्याच स्क्रीनशॉटवरून पीएफ व प्राप्तिकराची कपात बरोबर झाली आहे की नाही हे कसे तपासायचे, ते एका उदाहरणावरून पाहू.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीतली नोव्हेंबर २०२५ची स्लिप समजा. आकडे उदाहरणापुरते आहेत, नियम मात्र आर्थिक वर्ष २०२५-२६चे.

मूळ पगार (बेसिक): ५०,०००
घरभाडे भत्ता: २५,०००
विशेष भत्ता: ४०,०००
एकूण पगार: १,१५,०००

पीएफ: ६,०००
व्यवसाय कर: २००
प्राप्तिकर: ८,१२५
एकूण कपात: १४,३२५

हातात: १,००,६७५

सगळ्यात आधी बेरीज करून पाहायची. मिळकतीच्या ओळींची बेरीज एकूण पगाराएवढी आली पाहिजे आणि त्यातून कपात वजा केली की हातातला आकडा मिळाला पाहिजे. बेरीज जुळत नसेल तर स्क्रीनशॉटमध्ये एखादी ओळ कापली गेली आहे किंवा पुसट दिसणारा तीन आपण आठ म्हणून वाचला आहे. काही कंपन्या मालकाच्या वाट्याचा पीएफही मिळकतीत दाखवतात आणि तोच पुन्हा कपातीत धरतात. अशा स्लिपमध्ये एकूण पगार फुगलेला दिसतो, म्हणून ती रक्कम दोन्हीकडून वगळून हिशेब करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लिपवर बहुधा दोन रकाने असतात. एक चालू महिन्याचा आणि दुसरा एप्रिलपासून आजवरच्या बेरजेचा, ज्याच्या डोक्यावर YTD असे छापलेले असते. मोबाईलवर स्क्रीनशॉट घेताना उजवीकडचा हा दुसरा रकाना नेमका बाहेर राहतो. वर्षाचा हिशेब लावायला खरा उपयोग त्याचाच असतो.

वर्षाचा आकडा

वरच्या स्लिपमधल्या हातातल्या रकमेला बाराने गुणले तर १२,०८,१०० येतात. आता दुसरा रकाना पाहू. त्यात नोव्हेंबरअखेर एकूण पगार ९,८०,००० दिसतो. आठ महिन्यांचे १,१५,००० प्रमाणे ९,२०,०००च होतात. वरचे ६०,००० कुठून आले? ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुमारास कामगिरीचा बोनस मिळाला होता. नोव्हेंबरच्या स्लिपमध्ये त्याची वेगळी ओळ नाही, पण वर्षाच्या बेरजेत तो आहे.

म्हणून हिशेब असा करावा: आजवरची बेरीज, अधिक उरलेल्या महिन्यांचा अंदाज. नोव्हेंबरनंतर डिसेंबर ते मार्च हे चार महिने उरतात. त्यांचे ४,६०,००० धरले की वर्षाचा एकूण पगार १४,४०,००० होतो. पीएफ महिना ६,००० प्रमाणे ७२,०००. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिना २०० असला तरी फेब्रुवारीत ३०० कापतात, त्यामुळे वर्षाचे २,५०० होतात. प्राप्तिकर ८८,१४०; तो कसा आला ते पुढे पाहू. सगळे वजा जाता हातात १२,७७,३६० उरतात. बाराने गुणलेल्या आकड्यापेक्षा हे ६९,२६० रुपयांनी जास्त आहेत.

ज्यांच्या हातात ऑक्टोबरची स्लिप असेल त्यांची चूक उलट्या दिशेने होईल, कारण ते बोनससकट पगाराला बाराने गुणतील. ऑगस्टमध्ये नोकरीला लागलेल्याला तर त्या आर्थिक वर्षात बारा पगार मिळतच नाहीत, आठच मिळतात. बिनपगारी रजा, वाढीची थकबाकी, जून आणि डिसेंबरमध्ये कापली जाणारी कामगार कल्याण निधीची किरकोळ रक्कम, यांमुळेही एखाद्या महिन्याची स्लिप इतर महिन्यांसारखी नसते.

आता पॅकेजकडे वळू. याच नोकरीच्या नियुक्तिपत्रात बोनस धरून वार्षिक खर्च १५,४०,८६० लिहिलेला असू शकतो. त्यात एकूण पगाराशिवाय मालकाच्या वाट्याचा पीएफ ७२,००० आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटीची तरतूद २८,८६० असते. हातातले १२,७७,३६० आणि पॅकेज यांत फरक २,६३,५०० रुपयांचा. त्यातले १,४४,००० दोन्ही बाजूंच्या पीएफचे म्हणजे आपलेच, फक्त आज हातात नसलेले. ९०,६४० करांत गेलेले. आणि ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळणारी. पॅकेज या शब्दाखाली तीन वेगळ्या जातीच्या रकमा एकत्र केलेल्या असतात, हे एवढ्यावरून दिसते.

पीएफ: मूळ पगाराचे बारा टक्के

पीएफची कपात एकूण पगारावर होत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता असल्यास तो, यांच्या बारा टक्के ती असते. आपल्या स्लिपमध्ये महागाई भत्ता नाही, म्हणून ५०,०००चे बारा टक्के, ६,०००. आकडा जुळतो.

स्लिपवर ६,०००ऐवजी १,८०० दिसले तर लगेच कंपनीवर संशय घेऊ नये. पीएफसाठी पगाराची कायदेशीर मर्यादा १५,००० आहे आणि तिचे बारा टक्के १,८०० होतात. मूळ पगार त्याहून जास्त असला तरी कंपनी या मर्यादेपुरताच पीएफ भरू शकते. मात्र १,८००ही नाही आणि ६,०००ही नाही, असा आकडा दिसला तर आधी हजेरीचे दिवस पाहावेत. दोन दिवस बिनपगारी रजा झाली असेल तर त्या महिन्याचा मूळ पगारच कमी धरला जातो आणि पीएफ त्यावर निघतो. कारण तेही नसेल, तर मग विचारणा करावी.

स्लिपवर कपात दिसणे आणि ती रक्कम खात्यात जमा होणे या दोन गोष्टी आहेत. कंपनीने नोव्हेंबरचा पीएफ १५ डिसेंबरपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर बारा आकडी यूएएन वापरून पासबुक उघडावे. तिथे कर्मचाऱ्याच्या रकान्यात ६,००० दिसतील, पण मालकाच्या रकान्यात ४,७५०च. इथे अनेकांना वाटते की कंपनीने १,२५० खाल्ले. तसे नसते. मालकाच्या वाट्यातून १५,०००च्या ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०, निवृत्तिवेतन योजनेत वळवले जातात आणि ते शेजारच्या तिसऱ्या रकान्यात दिसतात. १ सप्टेंबर २०१४नंतर पहिल्यांदाच पीएफच्या कक्षेत आलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार १५,०००च्या वर असलेल्या कर्मचाऱ्याला ही निवृत्तिवेतन योजना लागू होत नाही. त्याच्या पासबुकात मालकाचे पूर्ण ६,००० दिसायला हवेत. त्याच्या नावावर दरमहा १,२५० निवृत्तिवेतनात जात असतील तर ती नोंद चुकीची आहे आणि ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर पैसे काढताना अडचण येते.

प्राप्तिकर: महिन्याचा नव्हे, वर्षाचा

प्राप्तिकर महिन्याच्या पगारावर काढत नाहीत. कंपनी वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज करते, त्यावर कर काढते आणि तो उरलेल्या महिन्यांत विभागून कापते. त्यामुळे पगार तोच असूनही मधूनच कपात वाढलेली दिसते.

आपल्या उदाहरणात एप्रिलमध्ये वर्षाचा अंदाज होता १३,८०,०००. नवी करप्रणाली धरली आहे. त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न १३,०५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर पाच टक्के म्हणजे २०,०००. आठ ते बारा लाखांवर दहा टक्के म्हणजे ४०,०००. वरच्या १,०५,०००वर पंधरा टक्के म्हणजे १५,७५०. बेरीज ७५,७५०, त्यावर चार टक्के उपकर धरून ७८,७८०. महिन्याला ६,५६५.

ऑक्टोबरच्या बोनसमुळे करपात्र उत्पन्न १३,६५,००० झाले आणि वर्षाचा कर ८८,१४०. वाढलेले ९,३६० ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत विभागले की दरमहा १,५६० वाढतात आणि ६,५६५चे ८,१२५ होतात. काही कंपन्या ही वाढ बोनसच्या महिन्यातच पूर्ण कापतात. दोन्ही पद्धतींत वर्षाचा कर एकच राहतो.

तपासणी सोपी आहे. नोव्हेंबरअखेर कापलेला कर ५५,६४० दिसायला हवा. उरलेले ३२,५०० चार महिन्यांत विभागले की ८,१२५ येतात. एवढे जुळले की कपात बरोबर आहे.

नाही जुळले तर बहुधा तीनपैकी एक कारण सापडते. पहिले, कंपनीने वेगळी करप्रणाली धरलेली असते. जुनी प्रणाली हवी असेल तर तसे कंपनीला कळवावे लागते, नाहीतर नवी लागू होते आणि तीत घरभाडे किंवा आपला पीएफ यांची वजावट मिळत नाही. दुसरे, जुनी प्रणाली घेतली पण गुंतवणुकीचे पुरावे दिले नाहीत. मग जानेवारी ते मार्च कपात एकदम वाढते. तिसरे कारण जास्त महागात पडते. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली आणि आधीचा पगार नव्या कंपनीला कळवला नाही, तर दोन्ही कंपन्या करमुक्त चार लाख आणि ७५,०००ची वजावट स्वतंत्रपणे धरतात. दोघांच्याही स्लिपमधला हिशेब आपापल्या जागी बरोबर दिसतो, पण विवरणपत्र भरताना मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते.

कापलेला कर सरकारजमा झाला का, हे फॉर्म २६एएसमध्ये कळते. कंपनी त्याचे विवरण दर तिमाहीला देते. ऑक्टोबर ते डिसेंबरचे विवरण ३१ जानेवारीपर्यंत द्यायचे असल्याने नोव्हेंबरची कपात डिसेंबरमध्ये तिथे दिसली नाही म्हणून घाबरू नये. फेब्रुवारी उलटूनही दिसली नाही तर मात्र कंपनीला लेखी विचारावे. पीएफ जमा नसेल तर आधी कंपनीकडे आणि उत्तर न आल्यास भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर, epfigms.gov.in येथे, तक्रार करता येते.

पगारातून कर कापला गेला असेल आणि कंपनीने तो भरला नसेल, तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्याकडे थेट मागणी करता येत नाही, असे प्राप्तिकर कायदाच सांगतो. पण कपात झाली होती हे दाखवायला स्लिपच लागते आणि नोकरी सोडल्यावर कंपनीचे पोर्टल बंद होते. म्हणून दर महिन्याची पूर्ण पीडीएफ, दोन्ही रकान्यांसकट, स्वतःजवळ उतरवून ठेवा. कोणाला स्क्रीनशॉट पाठवायची वेळ आलीच, तर त्यावरचा पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा क्रमांक आधी झाका.