दरमहा पेटी की मागेल तेव्हा पुडा?

चहा आणि मसाला या दोन्ही स्वयंपाकघरात संपणाऱ्या वस्तू, पण त्या संपण्याचा वेग सारखा नाही. घरगुती उत्पादकाने गिऱ्हाइकाला दरमहा ठरलेली पेटी पाठवावी की मागेल तेव्हा पुडा विकावा, हे आधी या वेगावर ठरतं. चार माणसांच्या घरात प्रत्येकी दोन कप चहा होत असेल, तर कपाला साधारण 2 ग्रॅम पावडर धरून दिवसाला 16 ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळपास अर्धा किलो लागते. अर्ध्या किलोचा पुडा दरमहा आला तरी तो कपाटात पडून राहत नाही. गोड्या मसाल्याचं तसं नाही. आमटीला चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम घातला आणि आमटी रोज झाली, तरी महिन्याला 90 ग्रॅम पुरतो. पण रोज आमटी होत नाही. उसळीला कधी कांदा-लसूण मसाला पडतो, कधी नुसतं तिखट. म्हणून 100 ग्रॅमचा पुडा सहज दोन महिने चालतो. त्यात कित्येक घरांत उन्हाळ्यात वर्षाचं तिखट आणि मसाला कांडून ठेवण्याची पद्धत अजून आहे. अशा घरी दरमहा चार पुड्यांची पेटी आली, की तिसऱ्या महिन्यात डब्यांना जागा उरत नाही आणि वर्गणी बंद होते. मसाला आवडला नाही म्हणून नव्हे, संपला नाही म्हणून.

पैशांचा हिशेब मांडला की दोन्ही पद्धतींमधला फरक नेमका दिसतो. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. मसाल्याची पेटी 499 रुपयांची आहे. तिच्यात माल आणि दळण 170, पॅकिंग 40, कुरिअर 70 आणि पेमेंट कंपनीचे 10 रुपये गेले, तर हाती 209 उरतात. नवं गिऱ्हाईक मिळवायला जाहिरात आणि पहिल्या खेपेची सवलत मिळून 300 रुपये खर्च झाले, असं धरू. म्हणजे एकच पेटी घेऊन थांबणारं गिऱ्हाईक 91 रुपयांचा तोटा देऊन जातं. दुसरीकडे मागणीनुसार घेणारं गिऱ्हाईक 700 रुपयांची ऑर्डर वर्षातून दोनदा देतं आणि प्रत्येक ऑर्डरमागे 346 रुपये उरतात. वर्षाचे 692, त्यातून 300 वजा जाता 392 राहतात.

वर्गणीतून इतके मिळायला गिऱ्हाइकाने सरासरी साधारण 3.3 पेट्या तरी घ्यायला हव्यात. प्रत्येक पेटीनंतर शंभरातले 20 जण गळत असतील, तर सरासरी पाच पेट्या जातात आणि 745 रुपये उरतात. 40 जण गळत असतील, तर सरासरी अडीच पेट्यांवर येते आणि शिल्लक जेमतेम 222 रुपये. मधली सीमा साधारण 30 जणांच्या गळतीची. तिच्या खाली पेटी बरी, वर साधी विक्री बरी. पहिल्या महिन्याची नोंदणी पाहून हे कळत नाही. चौथी पेटी किती जणांनी घेतली, तो आकडा खरा.

कुरिअरचा खर्च मात्र पुष्कळांच्या अंदाजात चुकतो. बऱ्याच कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे घेतात. 25 × 20 × 10 सेंटिमीटरच्या देखण्या पेटीत 400 ग्रॅम मसाला असला, तरी आकार एका किलोचा लागतो. तोच माल चपट्या पाकिटात बसवला तर अर्ध्या किलोत भागतं. वर्गणीत हा भुर्दंड दर महिन्याला बसतो, म्हणून पेटीच्या दिखाऊपणाचा मोह इथे आवरलेला बरा.

पेटीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, तो ताजेपणाचा. दळलेल्या मसाल्यातली सुगंधी तेलं उडून जातात. अख्खे धणे, दालचिनी किंवा लवंगा त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. किती पेट्या जायच्या हे आधी माहीत असेल, तर खडा मसाला साठवून तेवढाच भाजता आणि दळता येतो. मागणीनुसार विकणाऱ्याला अंदाजाने दळावं लागतं आणि उरलेला माल वास हरवत बसतो. मात्र मिरचीची खरेदी यातून सुटत नाही. नवी ब्याडगी आणि संकेश्वरी उन्हाळ्याच्या सुमारास बाजारात येते. वर्षभराचा माल तेव्हाच भरायचा तर वर्गणीचे पैसे हप्त्याने येतात आणि भांडवल मात्र एकदम लागतं.

काही गिऱ्हाइकं मनात नसतानाही गळतात. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याआधी किमान 24 तास सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना वाचून कोणी परवानगी काढून घेतं, तर कुणाच्या खात्यात त्या दिवशी पैसे नसतात. पहिल्याचं कारण शिल्लक पडलेला मसाला असण्याची शक्यता मोठी, दुसऱ्याला फक्त एक फोन पुरतो. म्हणून गळतीच्या वहीत ही दोन कारणं वेगळी लिहावी लागतात.

या सगळ्यातून मसाल्यासाठी मधली वाट निघते: दरमहा नव्हे, दोन महिन्यांतून एक पेटी, कोणते पुडे हवेत हे गिऱ्हाइकाने निवडायचं आणि एखादी खेप टाळायची सोय एका मेसेजवर. खेप टाळणारं गिऱ्हाईक पुढच्या पेटीला परत येऊ शकतं. टाळता न आल्याने वर्गणी बंद करणाऱ्याला पुन्हा मिळवायला तेच 300 रुपये लागतात. चहाला ही कसरत लागत नाही, तिथे दरमहा पुडा चालतो. सणापुरते लागणारे मसाले आणि भेटीचे डबे मात्र एकेक ऑर्डरनेच विकावेत.